फोटो बघून काटा ओळखायचा कसा? स्प्रिंग, दांडी आणि डिजिटल काट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम काटे दुरुस्तीचं, कोल्हापुरात. पूर्वी लोक काटा पोत्यात गुंडाळून दुकानात घेऊन यायचे. आता आधी व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एक ओळ असते, "हा कुठला काटा? बरोबर दाखवतोय का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोवरून बहुतेक वेळा देता येतं. दुसऱ्याचं क्वचितच. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की एकदा लिहूनच ठेवतो.

फोटोत सगळ्यात आधी काय बघायचं?

काट्यावर माल ठेवला की तो खाली ओढतो. त्याला कोणीतरी तोलून धरलेलं असतं. ते कोण आहे हे शोधायचं, बाकी रंग, आकार, कंपनीचं नाव सगळं नंतर.

दुसऱ्या पारड्यात वजनं दिसतात, किंवा दांडीवर सरकणारं वजन दिसतं? मग तो दांडीचा काटा. वजनं कुठेच नाहीत, पण आकडे कोरलेली तबकडी किंवा पट्टी आहे आणि त्यावर सुई किंवा खूण फिरते? मग बहुतेक स्प्रिंग. आकडे दिव्यासारखे उजळतात, वायर किंवा बॅटरीचा कप्पा आहे? मग डिजिटल. एवढ्यावर दहातले आठ फोटो निकालात निघतात. पुढचे प्रश्न उरलेल्या दोनांसाठी आहेत.

गोल डायल दिसली म्हणजे स्प्रिंगच ना?

बहुतेक वेळा हो. भंगारवाल्याच्या गाडीला लटकणारा, खाली हुक असलेला काटा घ्या. माल लावला की आतली स्प्रिंग ताणते, तिला जोडलेली दातेरी पट्टी खाली सरकते आणि एक छोटं दातेरी चाक फिरवते. त्या चाकाच्या दांड्यावर सुई बसवलेली असते. नळीसारख्या लांबट काट्यात तर चाकही नसतं. स्प्रिंग जेवढी ताणली तेवढी खूण खाचेतून खाली येते.

फोटोत पक्की खात्री करायची असेल तर डायलवरच्या रेघांमधलं अंतर बघा. स्प्रिंग प्रमाणात ताणते, म्हणजे १ किलोला जेवढी, तेवढीच पुढच्या प्रत्येक किलोला. त्यामुळे तिच्या डायलवर रेघा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्या अंतरावर असतात. दुसरी खूण म्हणजे शून्य जुळवायचा स्क्रू किंवा खुंटी. ती बहुधा वरच्या कडीजवळ किंवा डायलच्या मागे असते.

फसवणारा प्रकार एकच. काही जुन्या काट्यांना पंख्याच्या आकाराची किंवा गोल डायल असते, पण आत स्प्रिंग नसते. आत लंबकासारखं एक वजन असतं. माल ठेवला की ते बाजूला उचललं जातं आणि जिथे तोल साधतो तिथे सुई थांबते. हा दिसायला स्प्रिंगचा, पण जात दांडीची. अशा काट्याच्या तळाला पातळी बघायचा बुडबुडा किंवा फिरवून उंच-खाली करायचे पाय दिसतात, कारण तो जरा कलला की चुकतो. टांगायच्या स्प्रिंग काट्याला अशा पायांची गरजच नसते.

पारडी दोन आहेत, पण दांडी दिसतच नाही. हा कुठला?

हाही दांडीचाच. किराणा दुकानात पूर्वी गल्ल्याशेजारी असायचा तो, ज्याला आम्ही काउंटर मशीन म्हणतो. यात दांडी पेटीच्या आत असते आणि पारडी तिच्या वर बसवलेली असतात. टांगत्या तराजूत उलट, दांडी वर आणि पारडी साखळीला खाली. फोटोत पेटीच्या मध्यावर समोरासमोर आलेल्या दोन चोची दिसतील. त्या एका रेषेत आल्या की तोल झाला.

टांगत्या तराजूचा फोटो असेल तर मधली धार जवळून काढायला सांगतो. दांडी जिथे टेकते तिथे सुरीसारखी पोलादी धार असते आणि दोन्ही टोकांना पारडी अडकवायलाही तशाच धारा असतात. धार बोथट झाली की तराजू आळशी होतो. पाच-दहा ग्रॅम टाकले तरी हलत नाही. फोटोत धारेवर चकाकणारी सपाट पट्टी दिसली की समजायचं, झिजली.

एका वजनावर "५० किलो" लिहिलंय आणि ते तळहातावर मावतं. खोटं आहे का?

नाही, अगदी खरं आहे. हा फोटो वर्षातून तीन-चारदा तरी येतो, बहुधा जुनं घर किंवा गोदाम आवरताना. ते गोदामातल्या उभ्या लोखंडी काट्याचं वजन आहे. खाली फळी, तिच्यावर पोतं, मागे खांब आणि खांबाच्या डोक्यावर आडवी दांडी. फळीखाली तरफा अशा जोडलेल्या असतात की पोत्याचा भार दांडीच्या टोकापर्यंत पोचताना शंभरावा भाग उरतो. म्हणून दांडीच्या टोकाला ५०० ग्रॅमचं वजन लावलं की ते फळीवरच्या ५० किलोंना पुरतं. दुकानदाराला हिशेब करावा लागू नये म्हणून त्यावर ५०० ग्रॅम न लिहिता ५० किलो लिहितात. वजनाला मधोमध फट असते, ती बघा. किराण्याच्या वजनाला अशी फट नसते. ते लोखंडी असेल तर षटकोनी असतं आणि त्याच्या खोबणीत शिसं भरलेलं असतं.

हे वजन दुसऱ्या काट्याला लावू नका. त्या काट्याच्या तरफांचं गुणोत्तर वेगळं असलं तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खाली जुना लोखंडी काटा आणि वर डिजिटल आकडे. याला काय म्हणायचं?

डिजिटल. बरेच जुने काटे असे बदलून घेतलेले आहेत, आम्हीही केलेत. फळी आणि तरफा त्याच ठेवायच्या, वरची दांडी काढायची आणि खांबाच्या आतून येणाऱ्या सळईला लोडसेल जोडायचा. फोटोत खांबाच्या डोक्यावर दांडी बसायची रिकामी खाच दिसते आणि बाजूने एक जाड काळी वायर निघते.

लोडसेल म्हणजे धातूचा एक ठोकळा. त्यावर केसाइतक्या बारीक तारेच्या जाळीच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. भार आला की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणते आणि तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. तो बदल मोजून आकडा दाखवला जातो. म्हणजे बघा, ठोकळा वाकतो आणि भार गेला की परत सरळ होतो. ही स्प्रिंगच झाली, फक्त फार ताठ. डिजिटल काटा हा दांडीचा नव्हे, स्प्रिंगचा वारस आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचा प्रश्न सोपा जातो.

मग हे तिन्ही काटे नेमकं काय मोजतात?

बाजारात आपण सगळ्यालाच वजन म्हणतो. शाळेतल्या सरांनी वस्तुमान आणि वजन वेगळं सांगितलेलं असतं ते काट्यापाशी आल्यावरच कळतं.

दांडीचा तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो. इकडे गूळ, तिकडे लोखंड. पृथ्वी दोघांनाही सारखंच ओढते, त्यामुळे तिची ओढ कमी-जास्त झाली तरी तोल बिघडत नाही. १ किलो गूळ कोल्हापुरात १ किलो आणि चंद्रावरही १ किलोच.

स्प्रिंगला तुलना ठाऊक नाही. तिला कळते ती फक्त ओढ, म्हणजे बल. डायलवर किलो छापलेलं असतं, पण ते बनवणाऱ्याने त्याच्या गावातली ओढ धरून छापलेलं असतं. डिजिटलचंही तेच. तो बल मोजतो आणि आत साठवलेल्या एका आकड्याने भागून किलो दाखवतो. फरक इतकाच की हा आकडा जागेवर बदलता येतो. खात्रीचं वजन ठेवायचं आणि काट्याला सांगायचं, "हे इतकं आहे, इथून पुढे यावरून चाल." साध्या स्प्रिंगच्या काट्यात शून्य हलवता येतं, स्प्रिंगचा ताठपणा नाही.

पृथ्वीची ओढ गावागणिक बदलते ती काट्यात दिसण्याइतकी असते का?

भाजीत नाही, सोन्यात हो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना ओढ वाढते आणि उंचीबरोबर कमी होते. कोल्हापूर दिल्लीपेक्षा बरंच दक्षिणेला आहे आणि उंचही. दिल्लीत ती साधारण ९.७९१ मीटर प्रति सेकंद वर्ग, इथे साधारण ९.७८३. फरक हजारात एकाहूनही किंचित कमी.

आता गुजरीतल्या सराफाचा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. समजा तो दिल्लीत जुळवून आणला आणि इथे तसाच सुरू केला. १०० ग्रॅमचं खरं वजन ठेवलं तर साधारण ९९.९१ ते ९९.९२ दाखवेल. म्हणजे आठ-नऊ घरं खाली, आणि काटा बिघडलेला नाही. म्हणून असा काटा नवीन जागी आला की आधी वजन ठेवून जुळवतात. तोच फरक भंगारवाल्याच्या काट्यावर १० किलोला आठ-नऊ ग्रॅम. त्याची एक रेघच १०० किंवा २०० ग्रॅमची, त्यात हे पासंगालाही पुरत नाही.

फोटोत दिसतोय तो आकडा खरा धरावा का?

इथे एक घडलेला किस्सा सांगतो, कारण यात सगळं आलं. पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्यांनी रात्री फोटो पाठवला. त्यांच्याकडे टांगायचा ५० किलोचा डायल काटा. गुळाचा रवा, म्हणजे एक अख्खी ढेप, त्यावर ३०.२ किलो आणि मार्केट यार्डातल्या डिजिटल काट्यावर तोच रवा २९.८२. रव्यामागे ३८० ग्रॅम! चाळीस रव्यांचे पंधरा किलो होतात. "काटामारीच आहे ही, दादा," असा निरोप.

फोटो मोठा करून बघितला. डायल पूर्ण वर्तुळाची, एक रेघ २०० ग्रॅमची. रवा दोरीच्या जाळीत टांगलेला. मी दोन गोष्टी मागितल्या, रिकाम्या काट्याचा फोटो आणि जाळीचं वजन. रिकाम्या फोटोत सुई शून्याच्या अर्धी रेघ पुढे होती, म्हणजे १०० ग्रॅम. स्प्रिंग थकलेली. भार काढल्यावर ती पूर्ण मागे येत नव्हती. जाळी त्यांनी घरच्या छोट्या काट्यावर ठेवली, ती २५० ग्रॅम भरली. ३०.२ मधून हे दोन्ही वजा केलं तर उरतात २९.८५.

राहिले ३० ग्रॅम. काटा उंच टांगलेला आणि फोटो खालून काढलेला. सुई डायलच्या थोडी पुढे असते, त्यामुळे खालून बघितली की ती तबकडीवर वर सरकल्यासारखी दिसते. ५० च्या डायलवर ३० चा आकडा डाव्या बाजूला खाली येतो, घड्याळातल्या सातच्या जरा पुढे. तिथे वर सरकणं म्हणजे आकडा वाढणं. एका रेघेचा सहावा-सातवा भाग एवढ्यात सहज जातो. यार्डाचा काटा निर्दोष होता. गुऱ्हाळवाल्यांना हे पटायला दोन दिवस लागले. सरळ समोरून पुन्हा फोटो काढला तेव्हा पटलं.

म्हणून सुईचा फोटो नेहमी डोळ्याच्या रेषेत, समोरून, आणि रिकाम्या काट्याच्या फोटोसकट. डिजिटलचा आकडा तिरका फोटो काढला तरी बदलत नाही. तिथे फक्त माल ठेवायच्या आधी शून्य होतं का तेवढं बघावं.

फोटोवरून काटामारी ओळखता येते का?

एका फोटोवरून नाही, असं स्पष्ट सांगतो. दांडीच्या तराजूचं उदाहरण घ्या. दांडीच्या दोन बाजू २० सेंटिमीटरच्या हव्यात आणि एक १९.६ ची आहे. चार मिलिमीटरचा फरक मोबाइलच्या फोटोत कोणाला दिसणार? आखूड बाजूच्या पारड्याला खालून पासंग चिकटवला की रिकामा तराजू अगदी सरळ उभा राहतो. वजनं आखूड बाजूला आणि माल लांब बाजूला ठेवला की १ किलोच्या नावाखाली ९८० ग्रॅम हातात येतात. वजनंही खरी आणि काटाही मध्यावर.

यावर उपाय मात्र सोपा आहे. तोल झाल्यावर माल आणि वजनं यांची पारडी बदलायची. बाजू सारख्या असतील तर तोल तसाच राहतो. नसतील तर एक पारडं धाडकन खाली जातं. किती फरक आहे हे काढायचं असेल तर एकच माल दोन्हीकडे तोलायचा. एकीकडे ९८० आणि दुसरीकडे १०२० भरला तर दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, ९९९.८ येतं. फरक एवढा लहान असेल तर नुसती सरासरी धरली तरी चालतं. हे दोन फोटो, पारडी बदलण्याआधीचा आणि नंतरचा, पाठवलेत तर मीही सांगू शकतो.

काट्याच्या पट्टीवर Max, Min, e असं लिहिलेलं असतं ते काय?

फोटोतली ही सगळ्यात कामाची जागा, आणि नेमकी तीच पुसट येते. समजा पट्टीवर असं आहे: Max 30 kg, Min 100 g, e = 5 g. हा काटा ३० किलोपर्यंत चालेल, १०० ग्रॅमच्या खाली त्यावर व्यवहार करू नये आणि त्याची तपासणी ५ ग्रॅमच्या घराने होते. शेजारी लंबवर्तुळात रोमन आकडा असतो, तो अचूकतेचा वर्ग. किराण्याच्या काट्याला तीन. त्या वर्गात किमान वजन e च्या वीसपट, म्हणून ५ ग्रॅमला १०० ग्रॅम. कोणी अशा काट्यावर २० ग्रॅम केशर तोलत असेल तर तिथे शंका घ्यायला जागा आहे.

घरात केक करायला आणलेल्या काचेच्या काट्यावर ही पट्टी बहुधा नसते. तो घरापुरताच.

सरकारी शिक्का फोटोत कुठे शोधायचा?

दांडीवर किंवा पेटीवर शिशाचा छोटा ठिपका असतो, डिजिटलला तारेचं सील. वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक तपासून त्यावर ठसा मारतो. त्यात वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए ते डी. वजनं, दांडीचा तराजू आणि काउंटर मशीन यांची फेरतपासणी दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी. ठिपका रंगाने बुजलेला असेल तर दुकानदाराकडे तपासणीचं प्रमाणपत्र मागा. ते दुकानात लावलेलं असायला हवं.

घरचा डिजिटल काटा बरोबर आहे का, हे घरीच कसं बघू?

दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. साधारण ७७ ग्रॅम भरली पाहिजेत. मग तीच नाणी फळीच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. कोपऱ्यागणिक आकडा बदलला तर लोडसेल किंवा पाय बिघडलाय. काटा सतरंजीवर नव्हे, फरशीवर ठेवा.

तुम्हाला कुठले फोटो पाठवू?

पूर्ण काटा एकदा समोरून, रिकामा असताना. आकडे किंवा सुई डोळ्याच्या रेषेत. पट्टी जवळून, फ्लॅश बंद करून, नाहीतर ती पांढरी फटक येते. आणि काटा जिथे ठेवलाय तिथली जमीनही फोटोत येऊ द्या. परवा एकांनी "रोज वेगळं दाखवतो" म्हणून चार फोटो पाठवले. चौथ्यात दिसलं, काटा पंख्याच्या बरोबर खाली होता.